सगळे हसले, तेही हसले. मग बिघडलं कुठे?

प्रश्न: आमच्या टीममधले एक सीनियर सहकारी साप्ताहिक रिपोर्ट सतत उशिरा देतात. ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, टीम लीड मात्र मी. तोंडावर बोलणं जड गेलं म्हणून मीटिंगमध्ये हसत म्हणालो, "सरांचा रिपोर्ट म्हणजे मान्सून. येणार हे नक्की, तारीख मात्र विचारू नका." सगळे हसले, तेही हसले. तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मी तर त्यांना लागू नये म्हणूनच गमतीत सांगितलं होतं. विनोदानं सांगूच नये का?

उत्तर: कंपन्यांमध्ये माणसामाणसांत अडलेली बोलणी सुरळीत करून देणं हे माझं काम. टीम लीड, सुपरवायझर, खातेप्रमुख अशांबरोबर मी बसतो. तुमच्यासारखा प्रसंग त्यात वारंवार येतो. म्हणून आधी एक गोष्ट नीट तपासू या. तुम्ही म्हणता की त्यांना लागू नये म्हणून विनोद केलात. पण प्रश्नात तुम्हीच लिहिलंय की तोंडावर बोलणं तुम्हाला जड गेलं. म्हणजे त्या विनोदानं पहिली सोय तुमची झाली. वयानं मोठ्या माणसाला कामात कमी पडल्याचं सांगण्याचा अवघडलेपणा टळला, आणि उद्या कुणी विचारलंच तर "अहो, गंमत केली" म्हणायला जागा राहिली. त्यांच्या वाट्याला काय आलं, ते पाहायला हवं.

चारचौघांत आपली एक किंमत असते आणि ती आपण एकटे सांभाळू शकत नाही, समोरच्यांनी साथ द्यावी लागते. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९५५ सालच्या एका लेखात हा मुद्दा मांडला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आपण सगळेच बोलताना एकमेकांचा मान वाचवत असतो. कुणी घसरला तर बाकीचे न पाहिल्यासारखं करतात. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषेच्या अभ्यासकांनी पुढे याचं व्याकरणच मांडलं. त्यांच्या अभ्यासाची एक भाषा तमिळ होती, त्यामुळे हे निव्वळ साहेबाच्या देशाचं शास्त्र आहे असं समजायचं कारण नाही. एखादी गोष्ट किती लागेल हे त्यांच्या मते तीन गोष्टींवर ठरतं: दोघांत जवळीक किती, अधिकार कुणाकडे, आणि त्या समाजात ती गोष्ट किती जड मानली जाते. तुमच्या बाबतीत जवळीक बेताची दिसते. पदानं अधिकार तुमच्याकडे, पण वयाचा मान त्यांच्याकडे. आणि पंधरा वर्षं जास्त काम केलेल्या माणसाला वेळ पाळत नाही म्हणणं आपल्याकडे हलकी गोष्ट नाही.

याच दोघांच्या मांडणीत विनोद कुठे बसतो, हे मला फार कामाचं वाटतं. विनोद त्यांनी जवळीक दाखवण्याच्या उपायांत घातला आहे, आणि उपरोध आडून सुचवण्याच्या उपायांत. तुमचं वाक्य दोन्हीकडे पाय ठेवून होतं. आडून सुचवण्याची गंमत अशी की ऐकणाऱ्याला ते न समजल्यासारखं करायची मुभा असते. "या आठवड्यात क्लायंटकडून फारच घाई आहे हो" असं कुणी म्हटलं, तर मी निमूटपणे रिपोर्ट लवकर देऊ शकतो. मला कुणी काही बोललं असं दिसतही नाही. तुमच्या वाक्यात "सरांचा रिपोर्ट" हे नाव घेऊनच सुरुवात होती. न समजल्यासारखं करायची वाट तिथेच बंद झाली. आडून बोलण्याचा फायदा तुम्हाला मिळाला, त्यांना नाही.

उरली जवळीक. थट्टा ही आधी असलेल्या जवळिकीवर चालते, आणि ती जवळीक नसेल तर थट्टा करणं म्हणजे परस्पर ती घोषित करून टाकणं. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० साली थट्टेच्या नात्यांवर लिहिलं. कित्येक समाजांत काही नाती अशी असतात की तिथे एकानं दुसऱ्याची टर उडवायची आणि दुसऱ्यानं राग मानायचा नाही, हा रिवाजच असतो. काही नाती उलट, तिथे अदब आणि अंतर पाळायचं. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. दीर-भावजयीची थट्टा चालते, मेहुण्याची चालते, लग्नात विहिणीला गाण्यातून चिमटे काढता येतात. सासऱ्याची जावयानं भर पंगतीत थट्टा केली तर मात्र पंगत गप्प होते. घरात हे ठरलेलं आहे. ऑफिसात कुणीच ठरवून दिलेलं नाही. आपलं नातं दिराचं की जावयाचं, हे ज्यानं त्यानं मनात धरलेलं असतं. तुम्ही दिराचं धरलंत, त्यांनी बहुधा दुसरं.

आता खुद्द वाक्याकडे येऊ, कारण माझ्या मते खरी इजा तिथे आहे. विनोदाला अतिशयोक्ती लागते. "गेला रिपोर्ट दोन दिवस उशिरा आला" यात हसण्यासारखं काही नाही. हसू यायला तो रिपोर्ट मान्सून व्हावा लागतो, आणि मान्सून झाला की ती एका आठवड्याची गोष्ट राहत नाही, माणसाचा स्वभाव होते. साधं वाक्य बोलला असतात तर ते एका कामाबद्दल झालं असतं: अमुक तारखेला हवं होतं, तमुक तारखेला आलं. त्यावर त्यांना उत्तर देता आलं असतं. कदाचित म्हणाले असते की खालून आकडेच शुक्रवारी येतात. मान्सूनवर काय उत्तर देणार? रागावले तर "सरांना गंमत कळत नाही" असं होणार, खुलासा करत बसले तर हसं होणार, आणि हसले तर आरोप मान्य केल्यासारखं. त्यातला सगळ्यात कमी नुकसानीचा मार्ग त्यांनी निवडला. ते हसले ते तुमची मीटिंग अवघडू नये म्हणून. म्हणजे त्या क्षणी तुमचा मान त्यांनी राखला.

टीका विनोदात घोळली की ती सौम्य होते का, यावर संशोधकांचंही एकमत नाही. १९९५ साली शेली ड्यूज आणि एलन विनर यांनी दाखवलं की उपरोधानं केलेली टीका सरळ टीकेपेक्षा कमी बोचरी वाटते, कारण शब्द वरून गोड असतात आणि त्यांचा थोडा रंग अर्थाला लागतो. दोनच वर्षांनी हर्बर्ट कोल्स्टन यांचे प्रयोग आले; त्यांत उलट निघालं, उपरोधानं निषेध वाढतो. मला या दोन निष्कर्षांचं नवल वाटत नाही, कामाच्या ठिकाणी मी दोन्ही होताना पाहतो. जास्त उपयोगाचं आहे ते जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांचं २००६ सालचं काम. चिडवणाऱ्याला आपलं चिडवणं जितकं निरागस वाटतं, तितकं ते ज्याला चिडवलं त्याला वाटत नाही. चिडवणारा स्वतःचा हेतू जमेस धरतो. पण तो हेतू त्याच्याच डोक्यात असतो, दुसऱ्यापर्यंत फक्त शब्द पोचतात. "मी तर गमतीत म्हणालो" हे तुमचं म्हणणं खरं असूनही त्यांच्या उपयोगाचं नाही, ते यामुळे.

मग विनोद कधी चालतो? एक प्रसंग सांगतो. चाकणजवळच्या एका कारखान्यात मी काही दिवस जात होतो. तिथे एक जुने सुपरवायझर होते आणि एक तितकेच जुने ऑपरेटर. राउंड घेताना सुपरवायझरला दिसलं की मशीनखाली तेल सांडलंय आणि पुसलेलं नाही. घसरून कुणी पडलं असतं, म्हणजे बोलायला हवंच होतं. आजूबाजूला कुणी नव्हतं. ते म्हणाले, "काय हो, आज मशीनला अभ्यंगस्नान?" ऑपरेटर म्हणाले, "दिवाळी आली ना साहेब," आणि कापडी बोळा घेऊन खाली बसले. पुसता पुसता त्यांनीच सांगितलं की सील गळतंय, मेंटेनन्सला कळवलंय पण अजून कुणी आलेलं नाही. सुपरवायझरनं तिथूनच फोन लावला.

ही गोष्ट त्या शॉपमध्ये सगळ्यांना आवडली, आणि तिथेच पुढचा घोटाळा झाला. नव्यानं आलेल्या एका तरुण इंजिनियरनं आठवडाभरात तेच वाक्य त्याच ऑपरेटरला वापरलं. फरक एवढाच की सकाळी शिफ्ट सुरू होताना सगळे रांगेत उभे असताना, कंत्राटी पोरांसमोर. पोरं खो खो हसली. ऑपरेटरही हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवीन पद्धत सुरू केली: इंजिनियर काहीही सांगायला गेला की "साहेब, तेवढं लेखी द्या." भांडण नाही, आवाज नाही, नियमाबाहेर काही नाही. पण अनुभवी माणसानं "लेखी द्या" म्हणायला सुरुवात केली की काम किती मंदावतं, हे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा.

शब्द तेच होते. पहिल्या वेळी बोलणं त्या तेलाबद्दल होतं, आणि ते तेल दोन मिनिटांत पुसता येण्यासारखं होतं. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, म्हणून ऑपरेटरना उत्तर द्यायला मोकळीक होती. आणि ते उत्तर त्यांनी विनोदातच दिलं, कारण हे दोघे वर्षानुवर्षं एकमेकांना टपल्या मारत आलेले, कधी हा तर कधी तो. दुसऱ्या वेळी टपली वरून खाली एकाच दिशेनं आली, आणि ज्यांना ऑपरेटर काम शिकवायचे त्यांच्यासमोर आली. शिकाऊ पोरांसमोर उस्तादाचं हसं झालं की ते त्याच्या कामाला लागतं. मला विचाराल तर जवळीक आणि अधिकार यांच्यापेक्षाही आधी मी प्रेक्षक मोजतो. दोघांतली थट्टा सांभाळून घेता येते. दहा जणांसमोरची नाही, कारण मग ती दहा जणांच्या तोंडी राहते. तुमच्या टीममध्ये आता कुणी "मान्सून आला का" असं म्हणतं का, जरा कान देऊन ऐका. म्हणत असतील तर तुमचं वाक्य अजून चालू आहे.

थट्टा पचली की नाही हे हसण्यावरून ओळखता येत नाही. मी पाहतो ते पुढचं वाक्य. पचली असेल तर माणूस तीच थट्टा पुढे नेतो, "यंदा वेधशाळेनंच उशीर सांगितलाय" असं काहीतरी जोडतो. नाहीतर चार दिवसांत तुमची एखादी फिरकी घेतो आणि हिशेब बरोबर होतो. न पचलेली असेल तर हसू पटकन येतं, पटकन संपतं, आणि विषय बदलतो. मग भाषा औपचारिक व्हायला लागते. आधी जे उठून टेबलापाशी येऊन सांगायचे ते ईमेलवर येतं, त्यात तुमच्या वरच्या साहेबांना प्रत जाते, "अरे" म्हणणारे "आपण" म्हणायला लागतात. तुमच्याकडे असं काही दिसत असेल तर माझा अंदाज बरोबर आहे. पण हेही तपासा की त्यांचं वागणं नेमकं कधीपासून बदललं. त्याच सुमारास पगारवाढीची पत्रं आली असतील, किंवा घरी कुणाचं आजारपण निघालं असेल, तर सगळं खापर त्या वाक्यावर फोडू नका. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवरून मला हे ठरवता येणार नाही.

दुरुस्तीचं सांगतो. सगळ्यात आधी, दुसरा विनोद करू नका. वातावरण हलकं करायला म्हणून स्वतःलाच एखादी कोपरखळी मारावी असं वाटेल. तीही आत्ता नको, कारण त्यानं पहिली गोष्ट पुन्हा सगळ्यांना आठवते. व्हॉट्सॲपवर माफी तर अजिबात नको. क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या २००५ सालच्या प्रयोगांत लोकांना वाटत होतं की ईमेलमधला आपला उपरोध दहापैकी जवळपास आठ वेळा ओळखला जाईल; प्रत्यक्षात तो ओळखला गेला निम्म्याहून थोडाच जास्त, म्हणजे छापा-काटा केल्यासारखा. हसरे इमोजी घातल्यानं तुमचा सूर नक्की पोचेल अशा भरवशावर राहू नका. बोलायचं ते समोरासमोर आणि एकट्यात, शक्यतो त्यांच्या जागेपाशी जाऊन. केबिनमध्ये बोलावून घेतलंत तर ती माफी न राहता मीटिंग होईल.

आणि दोन विषय वेगळे ठेवा. माफीच्या दिवशी रिपोर्टचं नावही काढायचं नाही. "सॉरी, पण रिपोर्ट मात्र उशिरा येतो हे खरंय ना" यातला "पण" आधीचं सगळं पुसून टाकतो. "वाईट वाटलं असेल तर माफ करा" हेही नको, त्यात वाईट वाटून घेण्याची जबाबदारी पुन्हा त्यांच्यावर जाते. मी एवढंच बोलेन: "सर, त्या दिवशी मीटिंगमध्ये तुमच्या रिपोर्टवरून मी जे बोललो ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. मला काही सांगायचं असेल तर यापुढे तुमच्याशीच बोलेन." दुसरं वाक्य गाळू नका. पुन्हा असं होणार नाही याची खात्री त्यातच आहे, आणि बोलायचा विषय शिल्लक आहे हेही त्यात प्रामाणिकपणे येतं.

रिपोर्टचं बोलणं तीन-चार दिवसांनी, साध्या शब्दांत. त्यात "नेहमी", "दर वेळी" नको. तारीख, अडचण आणि प्रश्न, इतकंच. उदाहरणार्थ: "गुरुवारी तीन वाजता क्लायंटचा कॉल असतो. रिपोर्ट बुधवारी संध्याकाळी हातात आला तर मला आकडे एकदा पडताळता येतात. गेले दोन आठवडे ते झालं नाही. बुधवार जमेल का, की मध्ये कुठे अडतंय?" हे ऐकायला रुक्ष वाटतं, पण यात मान जास्त राखला जातो. त्यांच्या स्वभावाबद्दल एक अक्षर नाही, आणि शेवटच्या प्रश्नानं त्यांना कारण सांगायची जागा मिळते. कारण खरं असेल तर तुम्हाला ते कळायलाच हवं. सबब असेल तर ती वापरून त्यांना मान खाली न घालता सुधारता येईल. सबबीला मी वाईट मानत नाही. पुढच्या बुधवारी रिपोर्ट आला की सबब खरी होती का, हे शोधत बसू नये.

विनोद यानंतर, आणि तोही त्यांनी सुरू केला तर. माझा अनुभव असा की सरळ बोलून झाल्यावर केलेली थट्टा सहसा बाधत नाही, कारण सांगायचं ते आधीच सांगून झालेलं असतं आणि थट्टेत काही दडवलेलं नसतं. सांगण्याऐवजी केलेली थट्टाच नडते; ऐकणारा घरी जाऊन ती उलटसुलट करत बसतो, "याला नेमकं म्हणायचं काय होतं?" सगळ्यांच्याच डोक्यावर असलेल्या गोष्टीची थट्टा, म्हणजे क्लायंटच्या बदलत्या तारखा किंवा तुमचं स्वतःचं विसरणं, ही मीटिंगमध्ये खुशाल करा. वय, गाव, बोलीचा हेल, जात, पैसा, शरीर यांच्यावरून मात्र कितीही जवळचा माणूस असला तरी ऑफिसात नाही. तिथे थट्टेची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही.

चारचौघांत गेलेलं चारचौघांतच परत यायला हवं, हेही खरं. पण त्यासाठी जाहीर माफी नको. ती त्यांना दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर उभं करेल. त्यापेक्षा पुढच्या मीटिंगमध्ये ज्या विषयात त्यांना खरोखर जास्त कळतं, तो त्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं कामात वापरा. उगाच स्तुती करू नका. पंधरा वर्षं जास्त नोकरी केलेल्या माणसाला लाडीगोडी लांबून कळते.

तुम्ही बोलायला गेलात की ते बहुधा म्हणतील, "छे हो, मी तर विसरूनही गेलो होतो." खरं नसेल. तरी "नाही सर, तुम्हाला लागलंच असणार" असा आग्रह धरू नका. या वाक्यानं ते स्वतःचा मान सावरत असतात आणि तुमचाही. "बरं झालं सर," म्हणा आणि कामाला लागा. पुढच्या दोन आठवड्यांत ते ईमेलऐवजी उठून तुमच्या टेबलापाशी आले तर मिटलं असं समजा. नाही आले, आणि रिपोर्टही बुधवारी आला नाही, तर रिपोर्टचा विषय तुमच्या मॅनेजरकडे न्यावा लागेल. मात्र नेण्याआधी त्यांना सांगून न्या.